भाडेकरू अचानक गेला, सामान इथंच. पत्रात किती मुदत द्यायची?

जुळेसोलापूरकर: आमच्या वरच्या खोलीतला भाडेकरू गारमेंटमध्ये शिलाईला होता, एका रात्रीत फॅमिली घेऊन गेला, किल्ली किराणावाल्याकडं ठेवली आणि व्हॉट्सॲपला "रूम सोडली काका" एवढंच. दोन महिन्यांचं भाडं बाकी. मागं शिलाई मशीन, कुलूप लावलेलं लोखंडी कपाट, पोरांची दाखल्यांची फाईल, भांड्यांचं पोतं. "7 दिवसांत सामान न्या नाहीतर बाहेर टाकू" असं लिहिलंय, पाठवू का? आणि पैसे देईपर्यंत मशीन अडकवून ठेवलं तर?

पेठेतलाअण्णा: पाठवा की ओ, 7 दिवस लई झाले. मी असतो तर मशीन सोडलंच नसतं, तेवढीच गोष्ट आहे ज्यासाठी तो परत येईल. भलेपणा करून काय मिळतं मालकाला?

विजापूररोडवाली: भाडेकरूला असं काढता येत नाही, कोर्टाची ऑर्डर लागते!! आधी रेंट कंट्रोल वाचा.

जुळेसोलापूरकर: ताई, तो स्वतःच गेलाय, मी काढलेलं नाही.

कोर्टाच्याकट्ट्यावर: अण्णा, मशीन अडकवायचं डोक्यातून काढा, भाडं थकलं म्हणून मालकाला परस्पर सामान जप्त करता येत नाही आणि त्याची रोजीरोटीच त्यावर आहे. काका, भाडं आणि डिपॉझिट किती?

जुळेसोलापूरकर: भाडं 5,500, डिपॉझिट 15,000. लाईटबिल 1,340 बाकी.

कोर्टाच्याकट्ट्यावर: मग दोन महिन्यांचे 11,000 आणि बिल मिळून 12,340 झाले, म्हणजे उलट तुम्हीच त्याला 2,660 देणं लागता, रंग-दुरुस्तीचं काही निघालं तर पावतीसकट वेगळं दाखवा. हा हिशोब पत्रातच लिहा, कारण बरेच जण बाकी मागतील या भीतीनं सामान न्यायला येतच नाहीत. आता मुदत. आपल्याकडं यासाठी कायद्यात ठरलेले दिवस नाहीत, वाजवी पाहिजे एवढंच, म्हणून त्याला जमेल अशी द्या. गाव कुठलं आणि पगार कधी व्हायचा?

जुळेसोलापूरकर: गाव इंडी तालुक्यात, पगार 10 तारखेला. पण नवीन ठिकाणी कधी होतो काय की.

कोर्टाच्याकट्ट्यावर: टेम्पोचं भाडं हातात पाहिजे ना, म्हणून एक पगार मध्ये येऊ द्या. पत्र या महिन्याच्या 3 ला गेलं तर 30 तारीख लिहा. "पंधरा दिवसांत" लिहू नका, दिवस पत्राच्या तारखेपासून मोजायचे की मिळाल्यापासून यावरच भांडण होतं. आणि पत्र त्याच खोलीच्या पत्त्यावर पाठवाल तर तुम्हालाच परत येईल, ॲग्रीमेंटवरच्या गावच्या पत्त्यावर स्पीड पोस्टनं पाठवा, फोटो व्हॉट्सॲपला टाका. मजकूर साधारण असा:

"तुम्ही खोली सोडल्याचा मेसेज व किल्ली मिळाली. तुमचं खालील सामान जिन्याखालच्या खोलीत कुलपात ठेवलं आहे: शिलाई मशीन 1, बंद लोखंडी कपाट 1 (उघडलेलं नाही), दाखल्यांची फाईल 1, भांड्यांचं पोतं 1. 30 तारखेपर्यंत रोज संध्याकाळी 6 ते 9 व रविवारी दिवसभर नेता येईल. स्वतः जमत नसल्यास ज्याला पाठवणार त्याचं नाव मेसेज करा. अडचण असल्यास तारखेआधी कळवा, वाढवून देऊ. डिपॉझिटचा हिशोब सोबत आहे, सामान देणं त्यावर अवलंबून नाही."

सामान हलवायच्या आधी दोन शेजाऱ्यांसमोर व्हिडीओ काढा, यादीवर सह्या घ्या. कपाट फोडू नका, आत सोनं होतं असं उद्या कोणी म्हटलं तर काय उत्तर देणार?

यंत्रमागवाला: आमचा गाळा असाच सुटला, भाडेकरूचे सुताचे कोन पडून राहिले, पावसाळ्यात भिजून वाया गेले, वर तोच नुकसान मागायला आला. तेव्हापासून मी काहीच ठेवून घेत नाही.

कोर्टाच्याकट्ट्यावर: म्हणूनच कोरडी जागा. 1872 च्या करार कायद्यातलं कलम 151 वकील लोक इथंच दाखवतात, दुसऱ्याची वस्तू सांभाळताना आपल्या वस्तूइतकी काळजी घ्यायची.

पेठेतलाअण्णा: आणि 30 ला आलाच नाही तर? जन्मभर ठेवायचं? नोटीस दिली, मुदत संपली, विकून टाकायचं, सिंपल.

कोर्टाच्याकट्ट्यावर: मुदत संपली म्हणून वस्तू तुमची होत नाही अण्णा. दुसरं पत्र द्यायचं, त्यात नवी तारीख आणि नंतर काय करणार ते स्पष्ट. दाखले तर टाकायचेच नाहीत, हवं तर गावच्या पत्त्यावर पोस्टानं पाठवा. मशीन विकायची वेळ आली तर वकिलाला विचारून, दोन ठिकाणचे भाव लेखी घेऊन, आणि खर्च वजा करून उरलेले पैसे त्याच्या नावानं बाजूला ठेवून.

विजापूररोडवाली: एवढं सगळं करायचं तर जिन्याखालच्या खोलीचं भाडं लावा की त्याला.

कोर्टाच्याकट्ट्यावर: या महिन्याचं लावू नये असं माझं मत. दुसऱ्या पत्रानंतर हमालीसारखा खरा खर्च सांगता येईल, पण रोजचं भाडं कोर्टात टिकेलच असं मी म्हणणार नाही.

पेठेतलाअण्णा: मला नाही पटत. मालकानंच सगळं सोसायचं.

जुळेसोलापूरकर: 7 दिवसवालं फाडलं. कपाट तिघांनी धरल्याशिवाय हलत नाहीये, उद्या पोरांना बोलावतो, शेजारचे भाऊजी सहीला तयार आहेत.