तिसऱ्या की खुबे? छायाचित्रातील शिंपल्यांची नावे

गोदाकाठची : नाशिकमधील एका खाणावळीच्या मेन्यूसाठी मुंबईच्या बाजारातील चार छायाचित्रे आली आहेत. कालवं आणि शिणाणे मला ओळखता आले; उरलेल्या दोन्ही शिंपल्या मात्र गोलसर, फुगीर आणि रेघांच्या आहेत. एकीवर 'क्लॅम' व दुसरीवर 'कॉकल' असे लिहिले आहे, पण ही नावे उलटसुलट झाली असावीत अशी मला शंका आहे.

सिन्नरकर : रेघा असतील तर कॉकल आणि गुळगुळीत असेल तर क्लॅम, म्हणजे आपली तिसरी. दोन्हींवर रेघा असतील तर दोन्ही कॉकलच.

वेंगुर्ल्याची लेक : रेघा तिसऱ्यांवरही असतात, म्हणून त्या कोणत्या दिशेने जातात ते पाहावे. तिसरीच्या रेघा कडेला समांतर, एकाबाहेर एक अशा असतात. कॉकलचे जाड कंगोरे मात्र बिजागरीजवळच्या फुगीर टोकापासून पंख्यासारखे पसरत थेट कडेपर्यंत येतात. आपल्याकडे कॉकल म्हणून विकल्या जाणाऱ्या काळपट, रक्तासारखा लाल रस असलेल्या शिंपलीची बिजागरी सरळ व लांब असते आणि रिकाम्या शिंपलीत तिच्यावर करवतीसारखे बारीक दाते ओळीने दिसतात. तिसरीची बिजागरी आखूड असून तिच्यात मोजकेच जाड दाते असतात. युरोपातल्या कॉकलवरही असेच कंगोरे असतात, पण तिची बिजागरी आखूड असते. त्यामुळे परदेशी छायाचित्र असेल तर सरळ बिजागरीची खूण चालणार नाही.

पंचवटीकर : आमच्याकडे बर्फातून आलेल्या तिसऱ्यांची तोंडे उघडी असतात. त्या घ्याव्यात का?

वेंगुर्ल्याची लेक : टिचकी मारूनही तोंड मिटले नाही, तर घेऊ नये. मूळ प्रश्न मात्र नावांचा आहे. उरलेल्या दोन छायाचित्रांविषयी इतकेच सांगते, की कालवाचा एक शिंपला खोलगट व दुसरा चपटा असतो, आकार वेडावाकडा असतो आणि बिजागरीला दाते नसतात; शिणाण्याची बिजागरी निमुळत्या टोकाला असते.

गोदाकाठची : 'क्लॅम' लिहिलेल्या छायाचित्रात कंगोरे टोकापासून कडेकडे जातात आणि एका उपड्या पडलेल्या शिंपलीची बिजागरी सरळ पट्टीसारखी दिसते. म्हणजे ती कॉकल ठरते. दुसऱ्यातील रेघा कडेला समांतर आहेत, पण ढीग असा रचला आहे की बिजागरी कुठेच दिसत नाही.

वेंगुर्ल्याची लेक : तशा रेघा असल्यास ती कॉकल नव्हे, एवढे नक्की. ती तिसऱ्यांपैकी नेमकी कोणती, हे मात्र एखादी शिंपली उघडून आतून छायाचित्र काढल्याशिवाय मी सांगणार नाही.

सिन्नरकर : दिशेचा मुद्दा मान्य आहे. पण मेन्यूवर कॉकलला 'खुबे' लिहू नये, कारण माझ्या अलिबागच्या मेहुण्यांकडे खुबे म्हणजे वेगळेच काही समजतात.

वेंगुर्ल्याची लेक : ही नावे गावागणिक बदलतात. मी स्वतः 'कंगोऱ्यांची शिंपली' असेच लिहिले असते.