मदत हवी आहे: चालू स्प्रिंटमध्ये काम घुसवायचा अधिकार प्रॉडक्ट ओनरला असतो का?

ओवी
आठ वर्षं बिझनेस ॲनालिस्ट होते, दोन महिन्यांपूर्वी प्रॉडक्ट ओनर झाले. आमचा स्प्रिंट दोन आठवड्यांचा. या वेळचं ध्येय असं की पासवर्ड विसरलेल्या माणसाला सपोर्टला फोन न करता स्वतःच लॉगिन करता यावं. चौथ्या दिवशी सेल्सच्या प्रमुखांनी सांगितलं, एका मोठ्या ग्राहकाला रिपोर्टची पीडीएफ लगेच हवी आहे. मी डेली स्क्रममध्ये डेव्हलपर्सना म्हटलं, हे आत घ्या. ते म्हणाले आठ पॉइंटचं काम आहे. मी म्हटलं, पाचात बसवा. सगळे एकदम गप्प. नंतर स्क्रम मास्टरने बाजूला घेऊन सांगितलं, "हे तुमच्या हातात नाही." मग माझ्या हातात नेमकं काय आहे? कोणी नीट समजावेल का?

खडूफळा
सोपं आहे. स्प्रिंट सुरू झाला की कुलूप लागलं. प्रॉडक्ट ओनरला काहीही बदलता येत नाही. सेल्सला सांगा, पुढच्या स्प्रिंटला या.

शेवंती
खडूफळा, कुलूप असतं ते ध्येयाला, कामांच्या यादीला नाही. ध्येय धोक्यात येईल असा बदल करायचा नाही, पण काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे प्रॉडक्ट ओनर आणि डेव्हलपर्स स्प्रिंट चालू असतानाही बोलून ठरवू शकतात.

ओवी, बॅकलॉगमध्ये काय असावं आणि कशाच्या आधी काय यावं, हे तुम्ही ठरवायचं. सेल्स प्रमुखांना क्रम बदलून हवा असेल तर त्यांनी तुम्हाला पटवायचं, डेव्हलपर्सना परस्पर सांगायचं नाही. पण काम केवढं आहे आणि स्प्रिंटमध्ये किती मावेल, हे काम करणाऱ्यांनीच सांगायचं. आठाचे पाच म्हटल्याने काम कमी होत नाही. चाचण्या गाळल्या जातात आणि दोन स्प्रिंटनंतर तेच दोष बनून तुमच्याच बॅकलॉगमध्ये परत येतात.

आता तुमचं उदाहरण घेऊ. पासवर्डच्या ध्येयाखाली कोणती कामं घेतली आहेत?

ओवी
ईमेलवर लिंक, त्या लिंकची मुदत संपणं, आणि मोबाइलवर ओटीपीचा दुसरा मार्ग.

शेवंती
मग डेव्हलपर्सना असं विचारा: "ओटीपी मागे ठेवला तर ध्येय पूर्ण होतं का? आणि तेवढ्या जागेत पीडीएफ बसते का?" पहिल्या प्रश्नावर तुमचं मत मोलाचं, दुसऱ्यावर त्यांचं. नाहीच बसली तर ती बॅकलॉगमध्ये सर्वांत वर ठेवा. त्याआधी ग्राहक त्या पीडीएफचं काय करणार आहे हेही विचारून घ्या. बरेचदा मागितलेल्या गोष्टीचा चौथा हिस्साच लागतो.

उद्या ध्येयच निरर्थक झालं, समजा लॉगिनची व्यवस्थाच दुसऱ्या कंपनीकडे गेली, तर स्प्रिंट रद्द करता येतो. तो अधिकार फक्त तुमचा. मी मात्र इतक्या वर्षांत तो एकदाच वापरलेला पाहिलाय.

रानवारा
आमच्याकडे डेली ४० मिनिटं चालते. एकेक जण उभा राहून प्रॉडक्ट ओनरला हिशेब देतो. तुमच्याकडेही तसंच होतं का?

शेवंती
रानवारा, ती १५ मिनिटं डेव्हलपर्सची. ध्येयाच्या किती जवळ आलो आणि आज काय बदलायचं, हे ते आपसात ठरवतात. प्रॉडक्ट ओनरकडे पाहून बोलायला लागले की ती हजेरी झाली समजा. पुढच्या रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये हे मांडा.

ओवी, तुमची बातमीही डेली संपल्यावर सांगायला हवी होती. मोठी चर्चा त्या १५ मिनिटांत नीट होतच नाही.

ओवी
आज बोलले. ओटीपी मागे ठेवला. ग्राहकाला फोन केला तर कळलं की त्याला फक्त तक्ता छापून ऑडिटरला द्यायचाय, आलेख नकोतच. डेव्हलपर्स म्हणाले, नुसता तक्ता असेल तर तीन पॉइंट, बसेल. पाचाबद्दल मी त्यांची माफी मागितली.

आता सेल्स प्रमुख म्हणतात, ओटीपीची तारीख लेखी द्या. तारीख कोण ठरवतं?

खडूफळा
तयार झालेलं कधी बाहेर सोडायचं ते तुम्हीच ठरवायचं. पण जे अजून सुरूच झालं नाही, त्याची तारीख द्यायची नाही.

शेवंती
मी अंदाज देते, मागच्या चार-पाच स्प्रिंटमध्ये खरंच किती काम संपलं ते पाहून. एक तारीख न देता "या किंवा त्या स्प्रिंटमध्ये" असं सांगते. आणि प्रमुखांना स्प्रिंट रिव्ह्यूला बोलावते. काय झालं ते समोर दिसतं आणि बॅकलॉगचा पुढचा क्रम तिथेच त्यांच्याशी बोलून हलवता येतो.

रानवारा
आमच्या प्रमुखांनी असा अंदाज ऐकला आणि त्यातली अलीकडची तारीख परस्पर ग्राहकाला कळवून टाकली. तेव्हा प्रॉडक्ट ओनरने काय करायचं?

ओवी
मलाही हीच धास्ती आहे. गुरुवारी रिव्ह्यू आहे, ते येणार आहेत. काय होतं ते इथे लिहिते.