जिभेवरचे पांढरे पट्टे आणि एचआयव्ही चाचणी: दंतवैद्याने विषय काढावा का?

पर्वतीपायथा: माझ्या चुलतभावाच्या जिभेच्या कडेला पांढरे पट्टे दिसले, तेवढ्यावरून दंतवैद्याने एचआयव्हीची चाचणी करून घ्या असे सांगितले. दात दाखवायला गेलेल्या माणसाला असे सांगणे हा आगाऊपणा नव्हे का?

हडपसरचा औषधविक्रेता: मला तरी आगाऊपणाच वाटतो. 'तोंड आले आहे' म्हणत रोज चार माणसे दुकानात येतात. त्यांतली बहुतेक मधुमेहाची असतात, काही कवळी रात्रीही काढत नाहीत, तर काहींना नुकताच अँटिबायोटिकचा कोर्स झालेला असतो. बुरशीवरचे औषध आठवडाभर घेतले की तोंड स्वच्छ होते. ज्याचे बरे झाले त्याला एचआयव्ही नाही, असा माझा साधा हिशेब आहे.

मुखरोग विभागातली: आपल्या उत्तराचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. शेवटचे वाक्य मात्र धोक्याचे आहे, कारण कॅन्डिडा, म्हणजे तोंडातल्या बुरशीचा संसर्ग, एचआयव्हीमुळे झालेला असला तरी औषधाने तो बहुधा बरा होतोच. फरक पडतो तो पुन्हा पुन्हा उलटण्यात.

माझ्याकडे आलेल्या एका रुग्णाचे सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चाळिशीचा टेम्पोचालक, मिश्रीची सवय. त्यामुळे आधीच्या दवाखान्यात जिभेवरच्या पांढरेपणाला तंबाखूचा चट्टा ठरवून मिश्री सोडायला सांगितले होते. मी कोरड्या गॉजने जीभ धरून बाहेर ओढली. जिभेच्या दोन्ही कडांवर, वरून खाली उतरणाऱ्या, कॉर्डुरॉय कापडासारख्या उभ्या घड्या होत्या आणि गॉज घासूनही त्या निघाल्या नाहीत. टाळूवर मात्र मधोमध लाल चट्टा होता, ज्याची त्याला स्वतःला कल्पनाच नव्हती. कॅन्डिडा म्हटले की सगळे दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा थर शोधतात, जो पुसला की खाली लाल दिसते. हा लाल प्रकार म्हणूनच निसटतो.

त्याला कवळी नव्हती, दम्याचा पंप नव्हता, साखर नॉर्मल होती. बुरशीचे औषध दोन आठवडे दिल्यावर टाळू साफ झाली, पण जिभेच्या घड्या तशाच राहिल्या. हा फरक महत्त्वाचा होता, कारण त्या घड्या बुरशीच्या नव्हत्याच. ते होते हेअरी ल्युकोप्लेकिया, जे एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूमुळे होते, आणि प्रतिकारशक्ती बरीच खाली गेल्याशिवाय ते सहसा दिसत नाही. चाचणी पॉझिटिव्ह आली, प्रतिकारशक्ती किती उरली ते दाखवणाऱ्या सीडी४ पेशी ११८, म्हणजे बऱ्याच कमी, निघाल्या. त्याला ताप नव्हता, खोकला नव्हता. चार महिन्यांत कंबरपट्टा दोन भोके आत गेला होता, एवढे तो विचारल्यावर बोलला.

पर्वतीपायथा: पण मग चट्टा पाहूनच निदान झाले म्हणायचे का?

मुखरोग विभागातली: नाही. अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे किंवा दीर्घकाळचे स्टेरॉइड यांमुळेही हेअरी ल्युकोप्लेकिया होते. शिवाय धारदार दाढ घासून, तंबाखूने किंवा लायकेन प्लॅनस या तोंडात आणि त्वचेवर चट्टे आणणाऱ्या आजारामुळेही जिभेची कड पांढरी होते. शंका तोंडात येते, निदान रक्तात होते. दोन्ही कडांना घड्या आणि त्याच तोंडात कारण न सापडणारा कॅन्डिडा, अशी जोडी दिसली तर मी त्याच दिवशी चाचणीचा विषय काढते.

सातारा रोडवरची आजी: मला दम्याच्या पंपाने जिभेवर पांढरे येते. नातवंडांना माझ्या पेल्यातले पाणी देणे बंद करावे का? हे वाचून घाबरले आहे.

मुखरोग विभागातली: आजी, पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाका, आणि पंपाला स्पेसर, म्हणजे मधली नळी, लावता येतो का ते आपल्या डॉक्टरांना विचारा. तुमच्या पांढरेपणाचे कारण समोरच दिसते आहे. पेल्याने एचआयव्ही तर पसरतच नाही, तेव्हा ती भीती काढून टाका.

कोथरूडचा दंतवैद्य: वैद्यकीय मुद्दा मान्य, अडचण निराळी आहे. माझ्या दवाखान्यात खुर्ची आणि प्रतीक्षेची बाके यांच्यामध्ये फक्त प्लायवुडचे पार्टिशन आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार माहिती देऊन संमती घेतल्याशिवाय चाचणी करता येत नाही, आणि पलीकडे शेजारीण बसलेली असताना ते बोलणे व्हायचे कसे? मी आधी साखर तपासायला सांगतो, बुरशीचे औषध देतो, आणि दोन आठवड्यांनी काही उरले तरच शासकीय रुग्णालयातल्या समुपदेशन आणि चाचणी केंद्राकडे चिठ्ठी देतो. तिथे चाचणी मोफत होते.

मुखरोग विभागातली: आणि दोन आठवड्यांनी जो येतच नाही, त्याचे काय? टाळूची जळजळ थांबली की माणूस बरा झालो असे समजतो, आणि घड्या तर दुखतही नाहीत. तो टेम्पोचालकही मी फोन करून बोलावला म्हणून आला.

हडपसरचा औषधविक्रेता: तिसऱ्यांदा तेच औषध मागायला येणारी दोन माणसे मला आठवतात. त्यांना काय सांगायचे ते कळत नाही. मी काही डॉक्टर नाही.

पर्वतीपायथा: भावाला विचारले. पट्टे एकाच कडेला आहेत, आणि तिथली दाढ तुटलेली आहे म्हणतो. दाढ घासून गुळगुळीत करून पंधरा दिवस थांबावे, की चाचणी आधी करावी, यावर घरात दोन मते आहेत.

मुखरोग विभागातली: दाढ घासून घ्या, पण टाळू आणि दुसरी कडही उजेडात पाहून घेऊ द्या. आणि त्या दंतवैद्याने काय पाहून चाचणी सुचवली, ते त्यांनाच विचारा.