एकाच नियमाची दोन चिन्हं: भाचीच्या वहीत काय लिहू?

शमामावशी: भाची बारावी सायन्सला आहे. उष्मागतिकीचा पहिला नियम फिजिक्सच्या सरांच्या नोट्समध्ये ΔU = Q − W असा आहे, केमिस्ट्रीच्या मॅडमच्या नोट्समध्ये ΔU = Q + W. ΔU म्हणजे वायूच्या अंतर्गत ऊर्जेतला बदल, Q म्हणजे त्याला दिलेली उष्णता आणि W म्हणजे कार्य. दोन्ही वाचून मी तिला एक वही करून देते आहे. एकच सूत्र ठेवू का? आणि दोघांचं जुळत नाही हे तिला सांगू का? तिचा दोघांवरही फार विश्वास आहे.

विनय_पुणे: एकच ठेवा. उत्तर शेवटी तेच येतं. परीक्षा तोंडावर असताना पोरीच्या डोक्यात शंका कशाला घालायची?

जुने_मास्तर: विनयराव, ΔU तेच येतं, पण W तेच येत नाही. सिलिंडरमधल्या वायूला 500 ज्यूल उष्णता दिली. बाहेरचा दाब 1 बार, आकारमान 2 लिटरचं 4 लिटर झालं. दट्ट्या ढकलताना वायूने 200 ज्यूल कार्य केलं. सर W म्हणतात ते वायूने केलेलं कार्य, म्हणून W = +200 आणि ΔU = 500 − 200 = 300. मॅडम W म्हणतात ते वायूवर झालेलं कार्य, म्हणून W = −200 आणि ΔU = 500 + (−200) = 300. आता प्रश्नच ‘W काढा’ असा आला तर एकीकडे +200, दुसरीकडे −200. सीईटीला दोन्ही विषय एकाच बैठकीत असतात, तिथे कुठलं चिन्ह लावणार?

मावशी, दोन्ही सूत्रं ठेवा आणि प्रत्येकाखाली W म्हणजे कोणी कोणावर केलेलं कार्य ते शब्दांत लिहा. वाफेच्या इंजिनाच्या काळात यंत्रातून कार्य किती मिळतं ते मोजायचं होतं, म्हणून बाहेर गेलेलं कार्य धन धरलं गेलं. फिजिक्समध्ये तो रिवाज टिकला. रसायनवाले वायूत जे येतं ते धन धरतात, मग ती उष्णता असो की कार्य. यात चूक कोणाचीच नाही, आणि हे भाचीला सरळ सांगता येतं.

रेखा_नाशिक: आमच्याकडे भिंगाच्या सूत्राचं असंच झालं. मी शाळेत 1/f = 1/v + 1/u शिकले होते, खरी प्रतिमा धन धरून. लेकाला तेच शिकवलं. त्याच्या पुस्तकात 1/f = 1/v − 1/u होतं आणि u ऋण. त्याने सूत्र माझं घेतलं, चिन्हं पुस्तकातली. चाचणीत सगळी उदाहरणं चुकली. सूत्रं दोन आहेत हे मी आधीच सांगितलं असतं तर त्याने सरमिसळ केली नसती. तुम्ही क्लासवाल्यांकडे तक्रार करा, दोघांनी एकच शिकवायला हवं.

शमामावशी: रेखाताई, तक्रार नाही करायची, माझा प्रश्न वहीपुरताच आहे. मास्तर, चिन्हाचं कळलं. पण पुढे अजून एक सापडलं. सरांनी W = PΔV लिहिलंय आणि P म्हणजे वायूचा दाब. मॅडमनी W = −P(बाहेरचा) × ΔV. ही पण रिवाजाचीच गोष्ट का?

जुने_मास्तर: नाही, हा फरक वेगळा आहे. दट्ट्या अगदी सावकाश सरकत असेल तर आतला आणि बाहेरचा दाब जवळजवळ सारखाच राहतो, तेव्हा दोन्ही वह्या जुळतात. आता दोन डबे घ्या, एकात वायू, दुसरा निर्वात, मध्ये झडप. झडप उघडली. मॅडमच्या वहीप्रमाणे बाहेरचा दाब शून्य, कार्य शून्य. सरांची ओळ जशीच्या तशी लावली तर धन कार्य येतं, आणि ते चूक आहे, कारण वायूसमोर ढकलायला काही नव्हतंच. इथे वहीत लिहा: ‘सरांचं सूत्र सावकाश प्रसरणापुरतं.’

विनय_पुणे: म्हणजे सरांची ओळ अपुरी आहे असं मुलीला सांगायचं? वर्षभर ती त्याच वर्गात बसणार आहे. मला हे पटत नाही. सरांनी ती अट तोंडी सांगितली असेल, हिनेच उतरवून घेतली नसेल.

जुने_मास्तर: तसंही असेल. म्हणून ‘सर चुकले’ लिहू नका, ‘वहीत अट दिसत नाही’ लिहा. पण अट गाळून दोन्ही ओळी एकमेकींखाली मांडल्या, तर निर्वात डब्याच्या उदाहरणात ती कुठलीही एक उचलेल.

शमामावशी: काल तिच्या वहीत परत बघितलं. सरांच्या त्या ओळीशेजारी तिने पेन्सिलीने ‘quasi’ एवढंच लिहून ठेवलंय, पुढचं राहिलंय. ते quasi-static असावं, म्हणजे मास्तर म्हणतात तसं अगदी सावकाश. विनयरावांचं खरं असू शकेल. ती म्हणते, उद्या सरांनाच विचारते. तोवर दोन्ही ओळी अटीसकट वेगवेगळ्या पानांवर लिहिल्यात.

रेखा_नाशिक: वेगवेगळ्या पानांवर नको, समोरासमोर लिहा. माझ्या लेकाचं घोटाळ्याचं मूळ तेच होतं, एक सूत्र एका वहीत आणि दुसरं दुसरीकडे.