मदत हवी आहे: क्लॉक गेट केला की काउंटर एकाऐवजी दोन, मधूनच तीन मोजायलाय

लातूर_लॅब
आर्टिक्स-७ बोर्ड आहे, क्लॉक ५० मेगाहर्ट्झ. `q` हा चार बिटांचा काउंटर सारखा फिरत असतो. तो शून्यावर आला की `n` एकने वाढावा, म्हणजे १६ क्लॉकमागे एकदा, एवढंच काम आहे.

```verilog
wire en   = (q == 4'd0);
wire gclk = clk & en;
always @(posedge gclk) n <= n + 1;
```

१६ लाख क्लॉकनंतर `n` एक लाख असायला हवा. बोर्डवर दोन लाखांच्या थोडा वर येतो. दुपारी लॅब तापली की तो 'थोडा वर' आणखी वाढतो. सिम्युलेशनमध्ये बरोबर दुप्पट येतो, पण वेव्हफॉर्मवर `gclk` चा पल्स एकच दिसतो. विवाडो PDRC-153 ची वॉर्निंग देतंय, पण बिटस्ट्रीम तयार होते. गेट तर साधा अँड आहे, मग जास्तीची एज येते कुठून?

जालना_पॅनल
भाऊ, बटण बाउन्स होत असणार. २० मिलीसेकंदांचा डिबाउन्स लावा, आमच्या पॅनलवर त्यानेच भागतं.

लातूर_लॅब
दादा, यात बटणच नाही. इनेबल आतल्या काउंटरमधूनच येतो.

नांदेड_आरटीएल
`en` वर ग्लिच आहे. `q` चे चारही बिट अगदी एका क्षणी बदलत नाहीत, म्हणून तुलनेचं उत्तर मध्येच हलतं. `en` एका फ्लॉपमधून घ्या आणि तो फ्लॉपचा आउटपुट अँडला द्या, प्रश्न मिटला.

घड्याळवाला
नांदेडकर, याने तिसरी एज जाईल, दुसरी राहील. दोघींची कारणं वेगळी आहेत, म्हणून आधी दुसरीचं बघू.

पिरियड २० नॅनोसेकंद, त्यातले पहिले १० क्लॉक वर. रायझिंग एजपासून `q` बदलून `en` ठरेपर्यंत २ नॅनोसेकंद लागतात असं धरू. ज्या एजला `q` १५ वरून ० झाला तिला वेळ ० म्हणा. `en` वर जातो २ ला आणि खाली येतो २२ ला. क्लॉक वर असतो ० ते १० आणि २० ते ३०. आता अँड करा. पहिला पल्स २ ते १०, म्हणजे उशिरा सुरू झालेला. दुसरा २० ते २२, कारण क्लॉक वर गेला तेव्हा `en` अजून खाली यायचा होता. एका इनेबलला दोन रायझिंग एज. फ्लॉपला पल्स किती रुंद आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, त्याला एज मिळाली की तो मोजतो. फारच अरुंद असेल तर मात्र एखादा बिट बदलेल, एखादा नाही, आणि `n` मध्ये भलताच आकडा बसेल.

सिम्युलेशनमध्ये हेच घडतं, फक्त उशीर शून्य असल्यामुळे दुसऱ्या पल्सची रुंदी शून्य होते. वेव्हफॉर्मवर तो दिसत नाही, पण `posedge gclk` ला तो लागतो. म्हणून `n` दोनने वाढतो.

तिसरी एज `q` च्या अधल्यामधल्या अवस्थेतून येते. ७ वरून ८ म्हणजे ०१११ वरून १०००. खालचे तीन बिट आधी पडले आणि वरचा नंतर चढला, तर मध्ये क्षणभर ०००० दिसतं. असंच ३ वरून ४ ला आणि १ वरून २ ला होऊ शकतं. टूल हे सगळं एकाच LUT मध्ये बसवेल, तरी इनपुट वेगवेगळ्या वेळी पोचतात. हा घोळ एजनंतर लगेच होतो, म्हणजे नेमका क्लॉक वर असताना, आणि तेव्हा अँड उघडाच असतो.

आता तुमचा फ्लॉप. त्याचा आउटपुट एजनंतर अर्धा नॅनोसेकंद धरा. अधलामधला घोळ थांबला, पण पल्स अजूनही ०.५ ते १० आणि २० ते २०.५ असे दोनच. खरी अडचण ही की `en` क्लॉक वर असताना बदलतो. अँड गेटिंगमध्ये तो फक्त क्लॉक खाली असताना बदलायला हवा.

नांदेड_आरटीएल
बरोबर, माझं अर्धंच झालं. मग तोच फ्लॉप निगेज केला तर?

घड्याळवाला
चालेल. `en` २ लाच ठरलेला आहे, निगेज फ्लॉप तो १० ला उचलेल आणि ३० पर्यंत धरेल. अँडमधून २० ते ३० असा एकच पूर्ण पल्स येईल. अट एवढीच की `en` अर्ध्या पिरियडच्या आत ठरला पाहिजे.

चिपमध्ये त्याऐवजी लॅच घालतात, क्लॉक खाली असताना उघडा आणि वर असताना बंद. मग `en` ला रायझिंग एजच्या थोडं आधीपर्यंत वेळ मिळतो. क्लॉक वर असताना `en` कितीही हलला तरी लॅच बंद, आणि खाली असताना हलला तरी अँडचा आउटपुट शून्यच. एक जागा नाजूक असते. क्लॉक पडताना लॅच उघडतो, त्याचा बदल अँडला पोचायच्या आत क्लॉकचं पडणं तिथे पोचलं पाहिजे. नाहीतर पुन्हा एक बारीक पल्स. म्हणून लॅच आणि अँड एकाच तयार सेलमध्ये ठेवतात, त्याला सगळे आयसीजी म्हणतात. FPGA मध्ये हाताने लॅच आणि LUT जोडू नका, मधल्या राउटिंगवर आपला ताबा नसतो.

परभणी_व्हीएलएसआय
अँडऐवजी ऑर घेतला तर लॅचही लागत नाही. `clk | ~en` करा. क्लॉक वर असताना आउटपुट वरच राहतो, त्यामुळे तेव्हाचा सगळा घोळ झाकला जातो. वरच्याच आकड्यांनी १० ला खाली, २० ला वर, एकच एज.

घड्याळवाला
गणित बरोबर आहे, `en` पहिल्या १० नॅनोसेकंदांत ठरतो तोवर. पण `gclk` LUT मधून फिरून येतो, म्हणजे `clk` पेक्षा उशिरा. `clk` वरच्या फ्लॉपमधून `gclk` वरच्या फ्लॉपला डेटा गेला की होल्ड तुटायला लागतो. PDRC-153 सुद्धा तसाच राहील.

लातूरकर, तुमच्या कामाला क्लॉकला हातच लावू नका:

```verilog
always @(posedge clk)
  if (en) n <= n + 1;
```

टूल हा `en` फ्लॉपच्या CE पिनला देईल. तो फक्त एजच्या क्षणी पाहिला जातो, मधे कितीही हलला तरी काही बिघडत नाही. १६ लाखांना बरोबर एक लाख आले पाहिजेत, आणि सिम्युलेशनमध्येही. वीज वाचवायला मोठा ब्लॉक खरोखर बंद करायचा असेल तर BUFGCE वापरा, क्लॉक खाली असतानाच तो बंद-चालू होतो. पण त्याच्याही CE ला टायमिंग पाळावं लागतं, आणि असे बफर या चिपवर मोजून ३२ आहेत.

जालना_पॅनल
आता कळलं. आमच्याकडे 74HC163 चा कॅरी पुढच्या काउंटरला क्लॉक म्हणून जोडलाय, तोही मधूनच जास्त मोजतो. तेच का?

घड्याळवाला
बहुतेक तेच. या कॅरीवर डिकोडिंगचे स्पाइक येऊ शकतात, म्हणून तो क्लॉक म्हणून वापरू नये. दोन्ही चिपना एकच क्लॉक द्या आणि पहिल्याचा कॅरी दुसऱ्याच्या ENT ला जोडा.

लातूर_लॅब
CE वाला कोड टाकला, चार वेळा एक लाखच आले. जुनं डिझाइन मुलांना दाखवायला ठेवतोय. स्कोपवर तो २ नॅनोसेकंदांचा पल्स दिसेल का? आमचा १०० मेगाहर्ट्झचा आहे.

घड्याळवाला
स्वच्छ नाही दिसणार. त्या स्कोपचा स्वतःचाच राइज टाइम साडेतीन नॅनोसेकंद, वर पिनचा बफर. `n` चा आकडाच जास्त विश्वासाचा. दोन लाखांच्या वर जेवढे येतात, तेवढ्या ७-८ सारख्या ठिकाणच्या एज.

लातूर_लॅब
आणि उन्हात त्या का वाढतात?

परभणी_व्हीएलएसआय
तापलं की उशीर बदलतात, बिटांमधलं अंतरही. पण ते वाढेलच असं नाही, राउटिंगवर आहे. पुन्हा इम्प्लिमेंट करून बघा, कदाचित तिसरी एज उन्हातही गायब होईल, किंवा थंडीतही दिसेल.