मदत हवी आहे: ‘डिटेल्स व्हॉट्सअ‍ॅप करा’ म्हणणाऱ्या सेक्रेटरींना काय उत्तर द्यावं?

घाटकोपरचा_नवखा

चार महिन्यांपूर्वी फायर सिस्टिमची देखभाल करणाऱ्या एका लायसन्सवाल्या एजन्सीत सेल्सला लागलो. मुलुंडपासून कांदिवलीपर्यंतच्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना फोन करायचे आणि एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, मिळवायची, हे काम.

मी म्हणतो, “नमस्कार साहेब, आमची कंपनी हायड्रंट, स्प्रिंकलर, पंप, अलार्म पॅनेल सगळ्याची एएमसी करते, वीस वर्षांचा अनुभव आहे...” वाक्य पुरं होण्याआधीच समोरून येतं, “तुम्ही डिटेल्स पाठवून द्या, बघून सांगतो.” मी लगेच चौदा पानांची पीडीएफ पाठवतो. निळ्या टिका येतात आणि पुढे काहीच नाही. गेल्या महिन्यात ४१ जणांना पाठवली, उत्तर दोघांचंच आलं. त्यातल्या एकाने विचारलं, कोण आपण?

पाठवायला नाही म्हटलं तर माणूस चिडतो, पाठवलं तर विसरतो. नेमकं काय बोलावं?

दादर_टीटी

पाठवायचंच नाही. सरळ सांगायचं, “साहेब, पीडीएफमध्ये काही कळत नाही, उद्या दहा मिनिटं येऊन जातो.” मी कॉपियर मशिनं विकताना हेच करायचो. आणि तुमच्याकडे तर कायद्याचं हत्यार आहे. फायर सिस्टिम चालू असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, भरला नाही तर नोटीस येईल म्हणून सांगा, लगेच ऐकतील.

सोसायटीचा_हमाल

मी गोरेगावच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे. बिनपगारी. सकाळी नऊ ते अकरा तुमच्यासारख्यांचेच फोन. पेस्ट कंट्रोल, लिफ्ट, सोलर, सीसीटीव्ही. माझा नंबर तुम्हाला देतो तरी कोण? आधी ते सांगा.

घाटकोपरचा_नवखा

काका, यादी ऑफिसातून मिळते, मलाही माहीत नाही. पण विचारतोच आहे तर, तुम्ही ‘डिटेल्स पाठवा’ कधी म्हणता?

सोसायटीचा_हमाल

बहुतेक वेळा फोन ठेवायला. पण दरवेळी नाही. कंत्राट संपत आलं की मला खरोखरच कागद लागतो, कारण कमिटीपुढे दोन-तीन कोटेशनं ठेवल्याशिवाय मी एकटा हो म्हणूच शकत नाही. तेव्हा शब्द तेच असतात. फरक तुम्ही ओळखायचा.

जुना_विक्रेता_ठाणे

काकांनी मुद्द्याची गोष्ट सांगितली. तीन वेगळी माणसं एकच वाक्य बोलतात. एकाला तुम्हाला टाळायचंय, एक खरंच कामात आहे, आणि एकाला कमिटीपुढे ठेवायला कागद हवाय. तुम्ही तिघांनाही तीच चौदा पानं पाठवताय.

मी पंचवीस वर्षं पंप विकले, बरेचसे सोसायट्यांनाच. आधी तुमचं पहिलं वाक्य बघू. त्यात समोरच्याच्या इमारतीबद्दल एक अक्षर नाही, सगळं तुमच्या कंपनीबद्दल आहे. ते ऐकून त्याला विचारण्यासारखं काही सुचतच नाही, म्हणून तो ‘डिटेल्स’ म्हणतो. त्याऐवजी असं काही म्हणा: “फायर एएमसीसाठी फोन केलाय. जानेवारीच्या फॉर्म बीचं तुमच्याकडे ठरलंय का, एवढंच विचारायचं होतं.” हा फॉर्म वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, लायसन्स असलेल्या एजन्सीकडून घ्यावा लागतो. सेक्रेटरीला तो तोंडपाठ असतो. निदान कशाबद्दल फोन आहे ते त्याला कळतं.

तरीही तो ‘पाठवा’ म्हणणारच. मग आधी हो म्हणा, आडवं जाऊ नका. “हो, पाठवतो.” थोडं थांबा. मग: “चुकीचं जाऊ नये म्हणून एकच विचारतो. इमारतीत स्प्रिंकलर आहेत की फक्त हायड्रंट लाइन आणि होज रील?”

हा प्रश्न नाटकाचा नाही. त्याच्या उत्तरावर तुमचं कोटेशन खरोखर बदलतं, आणि उत्तर एका शब्दात देता येतं. “तुमच्या गरजा काय आहेत?” असलं विचारलंत तर संपलं.

आता कान द्या. तो म्हणाला, “फक्त हायड्रंट आहे, पण डिझेल पंप सुरूच होत नाही,” तर डिटेल्स बाजूला राहिले, बोलणं सुरू झालं. म्हणाला, “मीटिंगमध्ये आहे हो,” तर वेळ विचारून फोन ठेवा, त्या वेळेला करा. आणि पुन्हा “तुम्ही पाठवा ना” म्हणाला, तर तो टाळतोय. दुसऱ्यांदा प्रश्न विचारू नका. चार ओळी पाठवा आणि पुढच्या नंबरकडे वळा.

दादर_टीटी

आणि कायद्याचं?

जुना_विक्रेता_ठाणे

कायदा २००६ चा आहे आणि फॉर्म खराच लागतो, पण पहिल्याच फोनवर नोटिशीची भीती घातलीत तर माणूस तुम्हाला दलाल समजतो. शिवाय त्याने जुलैचा फॉर्म वेळेवर दिलेला असेल तर तुमचंच हसं होतं. भेटीचं मात्र अर्धं बरोबर आहे तुमचं. पंपरूम बघितल्याशिवाय नेमका आकडा देऊ नये. पण ती भेट दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात मागायची नाही. आणि कॉपियरचा गिऱ्हाईक एकटा सही करतो, इथे कमिटी असते.

मीरारोडची_मनीषा

माझं हेल्थ इन्शुरन्सचं काम आहे, तिथेही हेच! मी तर व्हॉइस नोट पाठवते. लोक ऐकतात. निदान मला तरी वाटतं ऐकतात.

सोसायटीचा_हमाल

आम्ही नाही ऐकत, ताई.

घाटकोपरचा_नवखा

ठाणेकर काका, त्या चार ओळींत काय असावं? आणि ज्याला कमिटीसाठीच कागद हवाय त्याला?

जुना_विक्रेता_ठाणे

टाळणाऱ्याला: तुमचं नाव, कोणत्या कामासाठी फोन केला होता ते, लायसन्सची प्रत आणि नंबर. बास.

कमिटीवाल्याला आधी विचारा, “कमिटीची मीटिंग कधी आहे?” समजा तो म्हणाला, येत्या रविवारी. मग म्हणा, “गुरुवारी संध्याकाळी एका पानाचं पाठवतो, शनिवारी अकराला फोन करून काही शंका आहे का विचारतो, चालेल?” हे पाठवण्याआधी ठरवायचं. पाठवल्यावर केलेला फोन म्हणजे मागे लागणं, ठरवून केलेला म्हणजे शब्द पाळणं.

त्या पानावर त्याच्याच इमारतीचं असू द्या: किती विंग, कोणते पंप, वर्षात किती व्हिजिट, फॉर्म बी धरून की वेगळा, आणि सुटे भाग कोणाच्या खर्चाने. या शेवटच्या दोन गोष्टींवरच कमिटीत भांडणं होतात. बिचाऱ्या सेक्रेटरीला त्यांची उत्तरं तिथे तुमच्याशिवाय द्यायची असतात.

दादर_टीटी

आणि आकडा? मी पहिल्या पानावर आकडा टाकत नाही. एकदा टाकला की तोच धरून बसतात.

सोसायटीचा_हमाल

आकडा नसलेलं कोटेशन मी कमिटीपुढे ठेवतच नाही. चेअरमन पहिलं तेच विचारतो.

जुना_विक्रेता_ठाणे

मी ‘पाहणीनंतर पक्का’ असं लिहून अंदाज द्यायचो. त्याचा फटकाही बसलाय. एका सोसायटीत जॉकी पंप जळालेला निघाला, आकडा वाढला, आणि सेक्रेटरी माझ्याशी बोलेनासा झाला. याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही.

घाटकोपरचा_नवखा (बारा दिवसांनी)

स्प्रिंकलरवाला प्रश्न २३ फोनवर विचारला. चौदा जण पुन्हा “पाठवा ना” म्हणाले, चार ओळी पाठवून सोडले. सहा जण बोलले. बाकीच्या तिघांनी ‘नंतर करा’ म्हटलं, त्यातल्या एकाने फोन उचलला.

बोललेल्यांपैकी भांडुपच्या एका बाईंनी सांगितलं, सध्याची एएमसी मार्चपर्यंत आहे. पूर्वी मी त्यांनाही पीडीएफ पाठवली असती. आता फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नाव टाकून ठेवलंय. विक्रोळीच्या एका सोसायटीने पंपरूम बघायला बोलावलंय, शनिवारी जातोय.

एक अडचण मात्र आली. माझे साहेब म्हणतात, दिवसाला वीस ब्रोशर गेलीच पाहिजेत, एक्सेलमध्ये तोच कॉलम आहे. त्यांना काय सांगू?

सोसायटीचा_हमाल

त्यांनाही म्हणा, डिटेल्स पाठवा.