मदत हवी आहे: फिल्डवर्कचं प्रकरण डायरीसारखं झालंय, विश्लेषण कसं करू?

शोधवाट: पीएचडीचं तिसरं प्रकरण गाईडनी परत पाठवलंय. शेरा एवढाच, "ही डायरी झाली. आणि हे सगळं बघताना तू कुठे बसली होतीस?"

कपडे शिवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी सात महिने जात होते. मालकाच्या ओळखीने प्रवेश मिळाला. पहिले काही आठवडे सुपरवायझरच मला आत घेऊन जायचे, नंतर मी बायकांमध्ये दोरे कापायला बसू लागले. शेरा ज्या परिच्छेदावर आहे तो असा:

"मी आत गेले की बायका एकदम गप्प होत. मला फार परकं वाटे. या बायका मुळातच भिडस्त आहेत. हळूहळू त्यांनी मला आपलं मानलं."

'मी' काढून टाकू, की सुरुवातीला माझी जात, वर्ग, शिक्षण सांगणारा परिच्छेद घालू? दोन्ही करून पाहिलं. फरक पडला नाही, आणि आता सुचेनासं झालंय.

सरळरेघ: 'मी' काढाच. "असे निदर्शनास आले" लिहिलं की वस्तुनिष्ठ वाटतं. आमच्या विभागात हेच चालतं.

आकडेमोड: माझ्या सर्वेक्षणातही हाच घोळ होता, प्रश्न विचारणारा बदलला की उत्तरं बदलायची. मी प्रश्नकर्ते आलटूनपालटून पाठवले. तुम्ही किती जणींना विचारलंत? नमुना लहान असेल तर आधी तो वाढवा.

शोधवाट: @आकडेमोड, मुलाखती नाहीत हो, सोबत बसून केलेल्या नोंदी आहेत. आणि तिथे जाणारी मी एकटीच होते.

जुनी वही: "निदर्शनास आले" लिहिल्याने बघणारी नाहीशी होत नाही, फक्त लपते. तुमची अडचण 'मी'ची नाहीच. "मुळातच भिडस्त" हा निष्कर्ष नोंदीत नाही, तो तुम्ही परक्या वाटत असताना काढला आहे.

मूळ नोंदवही घ्या आणि गप्प बसण्याची प्रत्येक नोंद वेगळी काढा. प्रत्येकीपुढे लिहा: त्या दिवशी आत कुणाबरोबर गेलात, हातात वही होती की कात्री, बोलणं कोणत्या विषयावर थांबलं. वहीत नसेल तर जागा कोरी ठेवा, आठवणीने भरू नका. आज आठवलेलं वापरायचं असेल तर ते नंतरचं आहे हे मजकुरातच सांगा.

मग एक पडताळणी करा. सुपरवायझरबरोबर दुसरं कुणी आलं, समजा माल तपासणारा, तर बायका गप्प होत होत्या का?

शोधवाट: दोन दिवस वही घेऊन बसले. गप्प बसण्याच्या 14 नोंदी निघाल्या. 9 वेळा मी सुपरवायझरबरोबर होते. 3 वेळा एकटी, पण वही उघडी होती. 2 नोंदींत कोण होतं तेच लिहिलेलं नाही. तपासनीस आला तेव्हाही गप्प झाल्याच्या 4 नोंदी वेगळ्या आहेत. आणि कात्री हातात असताना त्याच बायका नगावरच्या मजुरीबद्दल भरभरून बोलल्यात!

जुनी वही: म्हणजे त्या भिडस्त नाहीत. कुणाच्या वाटेने कोण आत येतं, यावरून त्या काय बोलायचं ते ठरवतात. आता तुमचं 'मी' पुराव्याचा भाग होतं. मी असं लिहीन:

"सुपरवायझरबरोबर मी आत आले की मजुरीचं बोलणं थांबे. तपासनीस आल्यावरही तसंच होई. मालकाच्या ओळखीने आलेली मी त्यांच्या लेखी वरच्यांचा कान होते. शांततेचा अर्थ मला दोरे कापायला बसल्यावर लागू लागला. उघड्या वहीपुढची शांतता मात्र वेगळी असावी, तिचा उलगडा या नोंदींतून होत नाही."

"आपलं मानलं" मात्र काढा, त्याला आधार नाही. बोलल्या म्हणजे आपलं मानलं, असं होत नाही.

कोरी_पाटी: पण मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गिर्ट्झचा बालीतल्या कोंबड्यांच्या झुंजीवरचा निबंध तर असाच आहे ना? पोलिसांची धाड पडली, तेही गावकऱ्यांबरोबर पळाले आणि गावाने त्यांना स्वीकारलं.

जुनी वही: प्रसंग 1958चा, निबंध 1972चा. सुरुवात जबरदस्तच आहे. पण धाड संपली की लेखक जवळजवळ दिसेनासा होतो आणि पुढे "बालीचे लोक" असं एकसंध बोलणं सुरू होतं. दुसरे मानववंशशास्त्रज्ञ व्हिन्सेंट क्रापांझानो यांनी 1986मध्ये नेमकं हेच बोट ठेवलं. जातवर्गाचा एक परिच्छेद घालून पुढे 'मी' विसरणं हे त्याचंच छोटं रूप. तुमचं शिक्षण जिथे एखादं बोलणं अडलं किंवा उघडलं तिथेच आणा.

सरळरेघ: पटलं बऱ्यापैकी. पण बाहेरचे परीक्षक "फार आत्मकथन" म्हणाले तर?

जुनी वही: प्रत्येक 'मी' वाक्य काढून बघा. दावा तसाच उभा राहिला, तर ते वाक्य आत्मकथन आहे, काढा. "परकं वाटे" त्यात जाईल, "सुपरवायझरबरोबर आले" राहील.

शोधवाट: हे जमेल. एक गोष्ट मात्र अडते. मजुरीचं बोलणं वही बंद असताना झालं, रात्री घरी लिहिलं. मी संशोधन करते हे त्यांना माहीत होतं, पण कात्री धरल्यावर त्या ते विसरल्या असतील तर? शिवाय तपासनीस एकच आहे, नाव बदललं तरी कारखान्यातला कुणीही ओळखेल.

जुनी वही: तपासनिसाचं "वरून आलेला माणूस" करता येईल, तुलना थोडी बोथट होईल. बोलण्याचं मात्र मी इथे बसून सांगू शकत नाही. तिथे परत जाणं शक्य आहे का?

शोधवाट: दोघी काम सोडून गेल्यात. उरलेल्यांना भेटता येईल, पण कारखान्याबाहेर. मालकाच्या वाटेने पुन्हा जायचं नाही, एवढं ठरवलंय.